गोदामाच्या खोल्यांचा मालक

ऑफिसात त्याला सगळे सफाईराव म्हणत. झाडू कधी हातात धरला नव्हता बिचाऱ्याने. पण शहरातल्या घरादारांच्या नोंदींचा जो उकिरडा कॉम्प्युटरमध्ये साठला होता, तो उपसायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि दुसऱ्याच्या गळ्यात पडलेल्या कामाला नावं ठेवायला ऑफिसातल्या लोकांकडे वेळच वेळ असतो. काय सफाईराव, आज किती कचरा, असं येता-जाता कुणी ना कुणी विचारायचंच. तो हसायचा. निदान थांबून बोलतं तरी कुणी, असं त्याला वाटायचं. आता यावरून ओळखा, माणूस किती एकटा असेल ते.

उकिरडा म्हणजे खरंच उकिरडा हो. करवाल्यांची यादी वेगळी, पाणीवाल्यांची वेगळी, बांधकाम परवानगीची तिसरीच. कुणा शहाण्याने तिन्ही एकात ओतल्या आणि बदली करून घेऊन तो मोकळा झाला. त्यामुळे एकच माणूस करात एक, पाण्यात दुसरा आणि परवानगीत तिसराच. कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे बाईच्या जागी तिच्या नवऱ्याचं नाव. पत्त्यांचं तर विचारूच नका. 'वखारीसमोर' म्हणावं तर वखार बंद होऊन जमाना झालेला, आणि 'नवीन इमारत' म्हणावं तर ती शहरातली सगळ्यांत जुनी. क्षेत्रफळ कुणी फुटांत दिलेलं, कुणी मीटरमध्ये, आणि कशात दिलंय ते लिहायची पद्धतच नाही. त्यामुळे एका चांभाराची टपरी शेजारच्या शाळेपेक्षा मोठी ठरलेली. आणि जिथे कुणी मोजलंच नव्हतं तिथे रकाना कोरा.

सफाईराव हे सगळं डोळ्यांत तेल घालून निस्तरत होता. संध्याकाळी ऑफिस सुटलं की घरी जायचा. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक बाल्कनी. आई होती तोवर घरात आवाज होता. ती जाऊन दोन वर्षं झाली. लग्न राहूनच गेलं होतं. का राहिलं, हे आता त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. फोन वाजायचा तो कर्ज हवंय का विचारायला. एकदा तर त्या कर्जवाल्या मुलीशी तो बराच वेळ बोलत बसला, शेवटी तिनेच कंटाळून ठेवला.

आणि गंमत बघा, अख्ख्या शहराच्या नोंदी साफ करणाऱ्या या माणसाची स्वतःच्या घराची नोंद मात्र जशीच्या तशी होती. मालक म्हणून आईचं नाव, संपर्क म्हणून आईचा नंबर. तो नंबर कधीच बंद पडला होता. ती ओळ स्क्रीनवर आली की तो पटकन पुढची ओळ बघायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर झालं असं. दुहेरी मालक शोधायचे कसे, हा सगळ्यात मोठा प्रश्न होता. नावांवर विसंबावं तर नावांचा हा असा खेळ. म्हणून त्याने एक नियम बसवला: फोन नंबर एकच असेल आणि इमारतही एकच असेल, तर माणूस एकच. त्या सगळ्या नोंदी एका मालकात मिळवायच्या आणि त्यातली सगळ्यांत जुनी नोंद कायम ठेवायची. शिवाय दुसरा नियम: एकाच मालकाच्या, एकाच इमारतीतल्या खोल्या असतील आणि पहिलीचंच क्षेत्रफळ भरलेलं, बाकीच्यांचं कोरं असेल, तर ते त्या पहिल्या जागेचेच तुकडे धरायचे. नियम ऐकायला इतका शहाणा वाटला की ऑफिसच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, त्यांनी मान डोलावून मंजूर केला. हजारो जोड्या एका झटक्यात मिटल्या. मोठ्या बाईंनी वर कळवूनही टाकलं की दुहेरी मालकांचा निकाल लागला. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

सोमवारी यादी गोठणार होती. गोठणार म्हणजे त्यानंतर पाडल्या जाणाऱ्या घरांच्या नोंदींत बदल नाहीत. शहरातून मोठा रस्ता जायचा होता, त्याच्या आड येणाऱ्या इमारती पडणार होत्या, आणि ज्यांचं नाव या यादीत त्यालाच, जेवढं क्षेत्रफळ तेवढी, नवीन जागा मिळणार होती. नाव नाही तर जागा नाही, इतका साधा हिशेब.

गुरुवारी त्याने सवयीप्रमाणे शेवटची झडती घेतली. सगळ्यांत जास्त जागा कुणाकडे, या क्रमाने मालक लावले. सगळ्यांत वर एक असं नाव आलं जे कुणी कधी ऐकलं नव्हतं. रस्त्याच्या आड येणारी जुन्या गोदामाची इमारत, तिच्यातल्या झाडून सगळ्या खोल्या या एकाच माणसाच्या. ऑफिसात कुजबुज झाली. एवढी मोठी असामी आणि आपल्याला पत्ता नाही! मोठ्या बाईंना काळजी पडली की अशा माणसाला आपण नुसती नोटीस पाठवली तर तो भडकेल. खात्री करायचे फोन एरवी फोनवाल्या बाई करायच्या. त्यांचा आवाज असा की फोन नसता तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. पण मोठ्या बाईंनी सफाईरावाला बजावलं, हा फोन तुम्हीच करा, आणि जरा अदबीने.

त्याने घसा साफ करून नंबर लावला. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईने उचलला.

"बोला," ती म्हणाली, "कुठला अर्ज भरायचाय?"

सफाईराव गोंधळला. त्याने मालकांचं नाव सांगून ते आहेत का विचारलं. तिने ते नाव मोठ्याने पुन्हा म्हटलं. मग ती म्हणाली की ते जाऊन चार वर्षं झाली, पण फोन तिने चालू ठेवलाय, कारण लोकांचे फोन येतात. म्हणजे यायचे. अलीकडे तुमचाच पहिला. मग तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, आणि सफाईरावाने तिला थांबवलं नाही. मालक वगैरे कुणी नव्हतेच हो ते. ते याच ऑफिसच्या फाटकाशी टेबल मांडून लोकांचे अर्ज भरून द्यायचे. सगळे त्यांना अर्जवाले म्हणत. आमच्या गोदामातली माणसं गरीब, एकटीदुकटी. कुणाचं मूल दूर गेलेलं, कुणाला मूलच नाही. फोन कुणाकडे नव्हता आणि फोनचा रकाना कोरा राहिला की खिडकीतून अर्ज परत यायचा. मग अर्जवाले त्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकायचे. काही निरोप आला तर हे जिने चढून सांगून यायचे.

सफाईरावाच्या पायाखालची वाळू सरकली. त्याने स्क्रीनवर बघितलं. ज्यांना नंबर द्यायला जगात कुणी नव्हतं, नेमकी तीच सगळी माणसं त्याच्या नियमाने एकात एक मिसळून गेली होती. आणि शिल्लक राहिला होता तो एक मेलेला माणूस.

दुपारनंतर तो गोदामात गेला. जाड भिंतींची, उंच छपराची इमारत. माल ठेवायच्या जागेत पत्रे आणि फळ्या ठोकून खोल्या केलेल्या. त्या मुळात कुणी आखल्याच नव्हत्या, म्हणून मोजल्याही नव्हत्या. अख्ख्या इमारतीचं एकच माप होतं, ते पहिल्या खोलीच्या नावावर पडलेलं आणि बाकी सगळ्यांपुढे कोरं. फोनवरची ती म्हातारी, म्हणजे अर्जवाल्यांची बायको, आपल्या खोलीच्या दारातच उभी होती. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खोलीत एक खाट, दोन खुर्च्या, आणि खिडकीजवळ चार्जरला लावलेला तो फोन. त्याने तिला मावशी म्हटलं, आणि जे झालं ते सरळ सांगून टाकलं. नियम आपणच केला, हेही.

नवरा अख्ख्या गोदामाचा मालक झालाय हे ऐकून मावशी आधी पोट धरून हसली. जन्मभर एक चप्पल शिवून शिवून वापरली त्याने, म्हणाली, आता बघायला हवा होता. मग हसता हसता थांबली. तो गेल्यावर हेलपाटे घालून तिने करवाल्यांच्या यादीत खोली स्वतःच्या नावावर करून घेतली होती, बाकीच्या याद्यांत तो तसाच राहिला होता. नंबर अर्थातच त्याचाच दिला होता.

"म्हणजे तुमच्या त्या यादीत मी नाहीच का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत घालतो."

"आणि नाही जमलं तर? मला जायला दुसरी जागा नाही, बाबा. बहीण होती, तीही गेली."

जमेल, असं सफाईराव पुटपुटला आणि उठला.

आता इथे एक सांगायला हवं. माणूस भोळा असला तरी कामात कच्चा नव्हता. मिळवलेल्या नोंदी त्याने पुसल्या नव्हत्या. मूळच्या तिन्ही याद्या त्याने हात न लावता बाजूला ठेवल्या होत्या, आणि कुठली जुनी नोंद कुठल्या नव्या मालकात गेली हेही प्रत्येक ओळीपुढे नोंदवलेलं होतं. त्यामुळे गाठ सोडवता येणार होती. पण मालक सुटे झाले तरी खोल्यांचं क्षेत्रफळ कोरंच राहणार होतं, आणि क्षेत्रफळाशिवाय नवीन जागा कुठली द्यायला?

शुक्रवारी त्याने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. आता वर काय सांगायचं, दुहेरी मालक पुन्हा जन्मले म्हणून? बराच वेळ बोलून घेतलं त्यांनी त्याला, आणि बोलणं खोटंही नव्हतं. पण बाई दुष्ट नव्हत्या. नियम सगळ्या शहरात तपासायला त्या तयार झाल्या: इथून पुढे नंबर आणि पत्ता जुळला तरी नाव अजिबात जुळत नसेल तर आपोआप मिळवायचं नाही, माणसाने डोळ्यांनी बघून ठरवायचं. फक्त मोजमापाच्या बाबतीत त्या म्हणाल्या की दोन दिवसांत कोण मोजणार? मोजणी खात्याचं ते लाल दिव्याचं यंत्र दुरुस्तीला गेलंय. अख्ख्या गोदामाचं माप आहे ना, खोल्यांनी भागा आणि टाका सरासरी.

सफाईराव एरवी कुणाला नाही म्हणणारा नव्हे. पण तो गोदाम बघून आला होता. एक खोली माल उतरवायच्या ओट्यावरची, ऐसपैस. दुसरी जिन्याखालची, खाट टाकली की दार उघडेना. सरासरी काढली की एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात, आणि एकदा आकडा भरला की तो मोजलेला की अंदाजाने मारलेला हे पुढे कुणालाच कळत नाही. "कोरं दिसलं तर कुणीतरी मोजायला तरी जाईल, बाई," तो म्हणाला. "मी मोजतो." सुट्टीचे दोन दिवस होते आणि त्याला घरी जायची कुठे घाई होती?

शनिवारी सकाळी तो फीत घेऊन गोदामात हजर झाला. पहिल्याच खोलीत त्याने फितीचं टोक भिंतीशी ठेवून त्यावर वीट ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे निघाला. निम्म्यावर वीट घसरली, फीत सळकन परत आली. त्याने पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. असल्या गोष्टींची त्याला सवय होती. घरी पडदे लावतानाही त्याने एकट्यानेच असं नाचून घेतलं होतं. मावशी दारात उभी राहून बघत होती. तिसऱ्यांदा वीट घसरल्यावर ती आत आली आणि फितीचं टोक अंगठ्याखाली भिंतीशी दाबून धरलं.

"एकट्याने होत नाही हे," ती म्हणाली. "दुसऱ्या टोकाला माणूस लागतं."

मग दोघं खोली-खोली फिरली. ती टोक धरायची, तो आकडा वाचायचा, ती मोठ्याने पुन्हा म्हणायची. सगळे आकडे फुटांत, आणि शेजारी 'फूट' असं लिहून. ही चूक आता पुन्हा नको. जी खोली चौकोनी नव्हती तिचे त्याने दोन भाग पाडून मोजले. बंद खोल्यांच्या किल्ल्या मावशीच्या जुडग्यात होत्या, कारण जाणारा तिच्याकडे किल्ली देऊन जायचा आणि बरेचसे परत यायचे नाहीत. दार उघडायच्या आधी ती प्रत्येकाबद्दल सांगायची. हा बाजा वाजवायचा. ही रोज आंघोळीला गाणं म्हणायची, बेसूर. एका दाराची किल्ली तिच्याकडेही नव्हती. त्या खोलीपुढे त्याने आकडा मारला नाही. 'कुलूप, मोजणी बाकी' असं कारण लिहिलं.

दुपारी मावशीने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याने नको नको म्हटलं, तशी ती म्हणाली की एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो, आज तरी नीट शिजवलंय, मुकाट खा. तो खाली मान घालून जेवला. समोर बसून कुणी वाढतंय, हे त्याला इतकं नवीन झालं होतं की घास गिळता गिळता डोळे भरून आले. तिखट लागलं, असं त्याने सांगितलं. मावशीने नुसतं पाणी पुढे केलं. तिच्या हाताला तिखट कमीच होतं खरं तर.

सगळ्यांत शेवटी तिची खोली मोजली. लांबट होती, जुनी ओटी आत घेतलेली. सरासरीत तिची चांगली एका खाटेएवढी जागा गेली असती. रविवारी संध्याकाळी ऑफिसात एकटा बसून त्याने गोदामाची गाठ सोडवली. एकेक माणूस परत आपापल्या ओळीत जाऊन बसला. मावशीचं नाव आलं, शेजारी क्षेत्रफळ आलं. अर्जवाल्यांच्या नावापुढे 'मयत' लिहिताना मात्र तो जरा थांबला, कारण तिने त्यांचा फोन चार वर्षं चार्ज करून ठेवलेला त्याने पाहिला होता. मग लिहिलं. खोटं लिहून कुणाचं भलं होत नाही.

सोमवारी यादी गोठली. फोनचा रकानाही त्याने आता फोडून दोन केले होते: एक मालकाचा स्वतःचा नंबर, आणि दुसरा, मालक सापडला नाही तर कुणाला विचारायचं त्याचा. दुसऱ्यावरून मालक जुळवायचे नाहीत, असा पक्का नियम. गोदामातल्या सगळ्यांचा मावशीकडचा तो नंबर या दुसऱ्या रकान्यात गेला.

महिनाभराने घरं रिकामी करायची पत्रं निघाली. मावशीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, मापाने बरोबर. गोदामातली बाकीची माणसं कुणी कुठे, कुणी कुठे गेली. मावशी पत्र हातात घेऊन म्हणाली की तिथे मी ओळखीचं कोण शोधू आता? असल्या रकान्यांना सफाईरावाकडे नियम नव्हता.

रस्त्याच्या आड न येणाऱ्या घरांच्या ओळी गोठल्या नव्हत्या. त्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या घराची ओळ उघडली आणि या वेळी पुढे पळाला नाही. आईच्या नावापुढे 'मयत' लिहिलं. वारस म्हणून स्वतःचं नाव लावायचा अर्ज इतरांसारखाच खिडकीवर दिला. क्षेत्रफळ कोरं होतं. मावशीला बोलावून, टोक धरायला लावून मोजलं. मालकाचा नंबर स्वतःचा. मग दुसरा रकाना. सापडला नाही तर कुणाला विचारायचं? तो बराच वेळ त्या कोऱ्या चौकोनाकडे बघत बसला. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मालकांच्या याद्या तोंडपाठ, आणि भरायला एक नंबर नाही. शेवटी त्याने अर्जवाल्यांचा नंबर भरला. गोदामातल्या माणसांनी भरला होता तोच.

दुसऱ्या दिवशी खात्रीचे फोन लागत होते. नव्या भरलेल्या ओळी फोनवाल्या बाईंकडे आपोआप जात, हे तो विसरलाच होता. बाईंनी नंबर लावला आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं पूर्ण नाव घेऊन विचारलं की या मालकाला तुम्ही ओळखता का, तुमचं नातं काय? सगळे माना वर करून बघायला लागले. सफाईरावाने मान खाली घातली ती कीबोर्डपर्यंत.

बाई ऐकत होत्या. हं, हं, करत होत्या. मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि, एकदा का होईना, हळू आवाजात त्याला म्हणाल्या:

"त्या विचारतायत, तुम्ही जेवलात का. नात्याच्या जागी काय लिहू?"

ऑफिसात कुणी हसलं नाही. घरी डबा केला नव्हता सफाईरावाने, आजही नाही आणि कालही नाही.

"नाही जेवलो म्हणून सांगा," तो म्हणाला.